उद्देशपत्रातील पूर्वसंशोधन : नावे किती आणि कशासाठी?



दिवाळी सरली की अनेक घरांमध्ये परदेशी विद्यापीठांच्या अर्जांची लगबग सुरू होते. गुणपत्रिका, शिफारसपत्रे, भाषेच्या परीक्षेचा निकाल हे सारे जमवता येते. अडते ते मुले ज्याला ‘एसओपी’ म्हणतात त्या उद्देशपत्रापाशी. आपण काय शिकलो, पुढे काय शिकू इच्छितो आणि त्यासाठी हाच विभाग का निवडला, हे अर्जदाराने स्वतःच्या शब्दांत सांगायचे ते हे पत्र. या सदराकडे येणाऱ्या पत्रांपैकी बरीच पत्रे त्याविषयी असतात, आणि त्यांत एक प्रश्न वारंवार आढळतो : “आमच्या विषयात आजवर झालेल्या संशोधनाचा उल्लेख करावा असे सर्व जण सांगतात. पण तो करू लागलो की पत्राची ग्रंथसूची होते. मग उल्लेख करायचा तरी कसा?”

प्रश्न रास्त आहे. त्याचे सर्वसाधारण उत्तर देण्याऐवजी एका विद्यार्थिनीच्या कच्च्या खर्ड्याच्या आधारे तो उलगडून पाहू. तिची अनुमती घेतली आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ही मुलगी सांगली जिल्ह्यातील एका शेतकरी दिगंबर जैन कुटुंबातील. समाजशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. तिला इंग्लंडमध्ये धर्मविषयक मानवशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे आहे. तिने निवडलेल्या विभागाने उद्देशपत्रासाठी आठशे शब्दांची मर्यादा घातली होती. तिच्या इंग्रजी खर्ड्यातील पूर्वसंशोधनाचा परिच्छेद मराठीत साधारण असा होता :

“जैन धर्माच्या अभ्यासात पद्मनाभ जैनी (१९७९), मायकेल कॅरिदर्स व कॅरोलिन हम्फ्री (१९९१), पॉल डंडस (१९९२), हम्फ्री व जेम्स लेडलॉ (१९९४), लेडलॉ (१९९५), लॉरेन्स बॅब (१९९६), जॉन कोर्ट (२००१) आणि व्हिटनी केल्टिंग (२००१) यांनी मोलाचे योगदान दिले आहे. या सर्वांच्या लेखनाचा माझ्यावर खोल प्रभाव पडला आहे. जैन स्त्रियांच्या भक्तीवर अधिक संशोधनाची गरज आहे, असे मला वाटते. मी बी.ए.च्या तृतीय वर्षी या विषयावर एक लहानसा प्रकल्पही केला होता.”

यात चुकीचे असे काहीही नाही. नावे खरी आहेत, वर्षे बरोबर आहेत, आणि ही सर्व माणसे आपल्या धर्माच्या आधुनिक अभ्यासातील जाणकार म्हणून ओळखली जातात. तरीही परिच्छेद वाचून संपल्यावर वाचकाच्या हाती काय उरते, ते पाहा. आठ उल्लेख झाले; पण त्यांपैकी एकाही अभ्यासकाला काय आढळले, हे कळले नाही. डंडस यांच्या जागी कोर्ट आणि कोर्ट यांच्या जागी डंडस असे लिहिले असते, तरी वाक्याच्या अर्थात काडीचाही फरक पडला नसता. ग्रंथसूची झाल्याची ही पहिली खूण : नावांची अदलाबदल केली तरी वाक्य तसेच राहते.

दुसरी खूण क्रियापदांत सापडते. खर्ड्याची एक प्रत काढून तीत प्रत्येक अभ्यासकाच्या नावाखाली पेन्सिलीने एक रेघ ओढावी आणि त्या नावाशी जोडलेल्या क्रियापदाखाली दोन. वरच्या परिच्छेदात अशी क्रियापदे दोनच आहेत : ‘योगदान दिले’ आणि ‘प्रभाव पडला’. ही आदराची क्रियापदे आहेत. ती ज्ञानाची नव्हेत. ‘दाखवले’, ‘वेगळे केले’, ‘अमुक गावापुरते तपासले’, ‘असा प्रश्न विचारला’ अशी क्रियापदे आली असती, तर त्यांच्यापुढे काहीतरी लिहिणे भाग पडले असते. काय दाखवले? कशापासून वेगळे केले? नावांची रांग ज्या ठिकाणी थांबते आणि आशय सुरू होतो, ते ठिकाण हेच.

पण या खर्ड्यातील खरी हानी त्याच्या शेवटच्या वाक्यात आहे. “एक लहानसा प्रकल्पही केला होता” या पाच शब्दांत काय दडले आहे, हे मी तिला दूरध्वनीवर विचारले. तिने जे सांगितले ते असे. तिच्या गावच्या मंदिरात आई आणि आजी ज्या महिला मंडळात गातात, त्या मंडळातील चौदा जणींशी तिने दोन वर्षांच्या दशलक्षण पर्वात बोलून टिपणे केली होती. सहा जणींच्या गाण्यांच्या वह्या तिने पानापानाने वाचल्या होत्या. कोणते गीत कोणाकडून आले, कोणत्या चालीवर बसवले, पूजेच्या कोणत्या टप्प्यावर ते म्हणायचे आणि हे कोण ठरवते, याचा एक तक्ता तिने तयार केला होता. हे सारे पत्रात का नाही, असे विचारताच ती म्हणाली, “मॅडम, आईच्या मंडळाच्या वह्या काय लिहायच्या? ते काही संशोधन नव्हे ना. म्हणून मोठी नावे घातली.”

या उत्तरात आपल्या अनेक मुलामुलींची अडचण स्वच्छ दिसते. छापील पुस्तकात असते ते ज्ञान आणि घरात असते ते नुसते घरचे, अशी एक समजूत मनात बसलेली असते. मग जे या अर्जदाराशिवाय दुसरे कोणी आणू शकत नाही ते झाकले जाते, आणि जे कोणालाही ग्रंथालयाच्या सूचीतून उतरवून घेता येते ते पुढे येते. प्रवेश समितीसमोर त्या वर्षी याच विषयाचे आणखी अर्ज आले असतील, तर डंडस आणि कोर्ट यांची नावे त्यांतही असणार. चौदा जणींशी केलेली बोलणी आणि सहा वह्या मात्र एकाच अर्जात असणार.

म्हणून आम्ही क्रम उलटा केला. आधी तिचे स्वतःचे निरीक्षण लिहायचे, आणि मग त्या निरीक्षणाला समजून घेण्यासाठी कोणाची गरज पडते तेवढ्यांनाच बोलवायचे. तिचे सर्वांत ठळक निरीक्षण हे होते. गावच्या मंदिरात अभिषेक आणि पूजाविधी उपाध्ये करतात. मंत्र, क्रम आणि द्रव्ये त्यांच्या हाती असतात. पण विधीच्या दोन टप्प्यांमध्ये जो अवकाश राहतो, त्यात काय गायचे हे महिला मंडळ ठरवते; आणि त्यातही गीताला प्रसंगाशी जुळवून घेण्याचा अखेरचा शब्द एका सत्तरीच्या आजींचा असतो. मंडळाच्या वहीत त्यांचे नाव कोठेही अध्यक्ष म्हणून नाही. तरी उपाध्येही त्यांच्याकडे पाहून थांबतात.

हे वाचल्यावर कोणत्या ग्रंथांची गरज पडते? आठांपैकी पाच पुस्तके आपोआपच बाजूला झाली. ती उत्तम आहेत, परंतु या निरीक्षणाशी त्यांचा थेट संबंध तिला सांगता येईना. उदाहरणार्थ, हम्फ्री आणि लेडलॉ यांनी जयपूर येथील जैन पूजेवरून विधी म्हणजे काय याचा मूलगामी विचार केला आहे. तो या विषयाला दूरचा नाही. पण त्या विचाराने तिच्या आजींबद्दल नेमके काय उलगडते, याचे एक वाक्य तिला स्वतःच्या बळावर लिहिता आले नाही. जे वाक्य लिहिता येत नाही ते नाव ठेवू नये, हा नियम आम्ही पाळला. उरलेल्यांपैकी जॉन कोर्ट यांचा ग्रंथही तिने पुढे काढला, कारण त्यातील क्षेत्र उत्तर गुजरातमधील पाटण आहे आणि ज्या मुद्द्यासाठी तिला तो हवा होता, तो केल्टिंग यांच्या उल्लेखाने अधिक जवळून साधत होता.

केल्टिंग यांचा ‘सिंगिंग टू द जिनाज’ हा २००१ सालचा ग्रंथ तिच्या प्रश्नाच्या अगदी शेजारचा आहे. त्यासाठीचे क्षेत्रकार्य पुण्यात झालेले आहे. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेतील श्राविकांची मंडळे, त्यांची स्तवने, ती शिकण्याच्या आणि शिकवण्याच्या पद्धती हा त्याचा विषय. या श्राविका परंपरेने दिलेले केवळ पुढे नेत नाहीत. काय गावे, केव्हा गावे आणि त्याचा अर्थ कसा लावावा यांतून त्या भक्तीचे स्वरूप स्वतः घडवतात, आणि त्यांच्या या जाणकारीला अधिकार असतो, असे त्यातील प्रतिपादन आहे. आता तिचे काम असे की, हे प्रतिपादन जेथवर पोहोचते ती सीमा नेमकी सांगायची. पुण्यातील त्या श्राविका श्वेतांबर मूर्तिपूजक होत्या; त्या परंपरेत स्त्रिया प्रतिमेची अंगपूजाही स्वहस्ते करतात. तिच्या गावी अभिषेक उपाध्ये करतात. मग जेथे विधीचा अधिकार दुसऱ्याच्या हाती आहे, तेथे गाणाऱ्या स्त्रीचा अधिकार कशावर उभा राहतो? हा प्रश्न केल्टिंग यांच्या ग्रंथातून निघतो, पण त्याचे उत्तर त्या ग्रंथात शोधणे योग्य नव्हे, कारण त्या मंडळापुढे तो या रूपात उभाच नव्हता. पूर्वसंशोधनाचा उल्लेख कामास आला तो असा : त्याने तिच्या प्रश्नाला धार दिली.

दुसरे नाव कॅरिदर्स यांचे. १९९१ साली त्यांनी हम्फ्री यांच्यासह संपादित केलेल्या ‘द असेंब्ली ऑफ लिसनर्स’ या संग्रहात दक्षिणेकडील दिगंबर जैनांमध्ये समाज म्हणून एकत्वाची भावना कशाच्या पायावर उभी राहते, यावर त्यांचा निबंध आहे. निबंधाच्या उपशीर्षकातच वक्तृत्व आणि अनुभव हे दोन शब्द शेजारी ठेवलेले आहेत. तिच्या दृष्टीने या निबंधाचे मोल दुहेरी आहे : तो तिच्याच प्रदेशातील, तिच्याच परंपरेतील लोकांविषयी आहे, आणि बोललेल्या शब्दाने समाज कसा बांधला जातो हे तो पाहतो. तिला गायलेल्या शब्दाकडे पाहायचे आहे. एवढे एक वाक्य पुरेसे झाले.

तिसरे नाव तिच्या पहिल्या यादीत नव्हतेच, आणि हे बोलके आहे. कोल्हापूरचे समाजशास्त्रज्ञ डॉ. विलास संगवे यांचा ‘जैन कम्युनिटी : अ सोशल सर्व्हे’ हा ग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध झाला. तो तिच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होता, तिने तो वाचला होता, पण ‘आपल्याकडचे’ म्हणून यादीतून वगळला होता. वस्तुतः परदेशी वाचकासाठी त्याची गरज सर्वांत अधिक होती. जैन म्हटले की व्यापारी, आणि बहुधा गुजराती किंवा मारवाडी, असे चित्र अनेकांच्या मनात असते. सांगली-कोल्हापूरकडील चतुर्थ समाजासारखा शेती करणारा जैन समाज त्या चित्रात बसत नाही. आपण कोणाविषयी लिहीत आहोत, हे एका वाक्यात प्रस्थापित करण्यासाठी संगवे यांचा आधार नेमका होता.

या तीन नावांनिशी परिच्छेद पुन्हा लिहिला गेला. मूळ इंग्रजीचा मराठी आशय असा :

“आमच्या गावच्या मंदिरात अभिषेक उपाध्ये करतात, पण दोन विधींच्या मधल्या वेळेत काय गायचे हे महिला मंडळ ठरवते. बी.ए.च्या प्रकल्पासाठी मी दोन दशलक्षण पर्वांत या मंडळातील चौदा स्त्रियांशी बोलले आणि त्यांच्या सहा वह्या वाचल्या. ज्यांचा निर्णय अखेरचा मानला जातो त्या ज्येष्ठ स्त्रीकडे कोणतेही पद नाही, असे मला आढळले. विलास संगवे यांनी १९५९ मध्ये ज्या शेतकरी दिगंबर समाजाची नोंद केली, त्यातील हे गाव आहे. पुण्यातील श्वेतांबर मंडळांच्या अभ्यासात व्हिटनी केल्टिंग यांनी दाखवले की, स्तवनांच्या निवडीतून श्राविका भक्तीचा अर्थ स्वतः घडवतात. त्या श्राविका पूजाही स्वतः करतात. आमच्या गावी तसे नाही. म्हणून माझा प्रश्न असा आहे की, विधीचा अधिकार जेथे उपाध्यांकडे आहे तेथे गाण्याचा अधिकार कोठून येतो? याच प्रदेशातील दिगंबर समाजाविषयी लिहिताना मायकेल कॅरिदर्स यांनी वक्तृत्वाकडे लक्ष वेधले. मी त्याच प्रश्नाकडे गीतांच्या बाजूने जाऊ इच्छिते. माझी टिपणे शब्दांची आहेत, स्वरांची नाहीत. गाणे ध्वनिमुद्रित करून त्याचा अभ्यास कसा करावा हे मला येत नाही, आणि तेच शिकण्यासाठी मी आपल्या विभागाकडे अर्ज करीत आहे.”

आता हाच परिच्छेद पहिल्या कसोटीवर घासून पाहा. केल्टिंग यांच्या जागी संगवे लिहिले तर वाक्य खोटे ठरते. कॅरिदर्स यांचे नाव काढले तर ‘त्याच प्रश्नाकडे’ हे शब्द अधांतरी राहतात. प्रत्येक नावाला एक काम मिळाले आहे आणि ते काम दुसऱ्याला करता येत नाही. नावे आठावरून तीनवर आली, तरी वाचन अधिक झालेले दिसते. शेवटची दोन वाक्येही लक्षात घ्यावीत. आपल्याला काय येत नाही हे तिने स्पष्ट लिहिले, कारण पूर्वसंशोधनाचा धागा जेथे स्वतःच्या अपुऱ्या कौशल्याशी येऊन थांबतो, तेथूनच ‘हा विभाग का’ या प्रश्नाचे उत्तर सुरू होते. हा धागा नसला की ‘आपल्या विद्यापीठाची थोर परंपरा’ अशी कोणत्याही दारावर लावता येणारी वाक्ये लिहावी लागतात.

अशी रीत आपल्याला परकी वाटू नये. तत्त्वार्थसूत्रावर आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धी लिहिली. पुढे अकलंकदेवांनी राजवार्तिक रचताना सर्वार्थसिद्धीतील कितीतरी वाक्ये वार्तिके म्हणून घेतली आणि त्यांवर आपले विवेचन उभारले. पूर्वाचार्यांचा आदर त्यांनी नावांची यादी देऊन व्यक्त केला नाही. त्यांचे वाक्य घेऊन ते पुढे नेले.

आता तीन ठिकाणी पाय घसरतो, त्यांविषयी.

पहिले ठिकाण ‘यावर आजवर कोणीही संशोधन केलेले नाही’ या वाक्याचे. मुलांना हे वाक्य फार आवडते, कारण त्याने आपल्या विषयाला वजन येते असे वाटते. पण ते सिद्ध करण्यासाठी जगातील सर्व भाषांतील सर्व ग्रंथ आणि प्रबंध चाळलेले असावे लागतात. समितीतील एखाद्याला असा एक जरी प्रबंध ठाऊक असला, तर पत्रातील इतर वाक्यांवरचा विश्वासही ढळतो. त्याऐवजी आपण जे वाचले त्याची मर्यादा सांगावी : “हा अभ्यास पुण्यातील श्वेतांबर मंडळांचा आहे.” हे वाक्य खरे आहे, पडताळता येते, आणि रिकामी जागा कोठे आहे ते वाचकाला आपोआप दिसते. आपल्याकडे ‘स्यात्’ या शब्दाने हेच साधले जाते. विधान कोणत्या अपेक्षेने खरे आहे ते सांगितले की त्याचे बळ कमी होत नाही, ते निश्चित होते. मर्यादा सांगताना दोष दाखवल्याचा सूर मात्र येऊ देऊ नये. केल्टिंग यांनी दिगंबर मंदिराचा अभ्यास केला नाही ही त्यांची उणीव नव्हे. तो त्यांचा विषयच नव्हता.

दुसरे ठिकाण याच्या उलट बाजूला आहे. यादी टाळा म्हटले की काही मुले एकच ग्रंथ धरतात आणि त्याचा सारांश लिहीत सुटतात. अडीचशे शब्द त्या ग्रंथातच जातात आणि अर्जदार दिसेनासा होतो. आमच्या विद्यार्थिनीने दुसऱ्या खर्ड्यात नेमके हेच केले होते. केल्टिंग यांच्या प्रकरणांची ओळख करून देण्यात अर्धे पान खर्ची पडले होते. येथे साधी मोजणी उपयोगी पडते. परिच्छेदातील वाक्ये मोजावीत आणि ज्या वाक्यांचा कर्ता ‘मी’, ‘माझा प्रश्न’, ‘आमचे गाव’ असा आहे ती वेगळी मोजावीत. दुसऱ्यांविषयीची वाक्ये निम्म्याहून अधिक झाली, तर तो परिच्छेद परीक्षणाकडे झुकला असे समजावे. वर दिलेल्या अंतिम परिच्छेदात बहुतेक वाक्ये तिची स्वतःची किंवा तिच्या गावाची आहेत. आठशे शब्दांच्या पत्रात पूर्वसंशोधन आणि त्यातून निघणारा प्रश्न यांना मिळून दोनशेच्या आसपास शब्द द्यावेत. उरलेली जागा शिक्षण, कौशल्ये, अभ्यासक्रमाची निवड आणि पुढील वाट यांसाठी लागते.

तिसरे ठिकाण न वाचलेल्या ग्रंथाचे. पहिल्या खर्ड्यातील आठांपैकी तिने संपूर्ण वाचलेले पुस्तक एकच होते. दोघांची एकेक प्रकरणे वाचली होती, आणि उरलेली नावे दुसऱ्या एका लेखाच्या संदर्भसूचीतून आली होती. हे तिने लपवले नाही, ही समाधानाची गोष्ट. काही विभाग अर्जदाराशी मुलाखतीत बोलतात, आणि अशा वेळी पत्रातील नावावरूनच प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. पण मुलाखत होवो अथवा न होवो, न वाचलेल्याचा आव आणणे हे सत्याणुव्रताला सोडून आहे. आणि वाचलेला विचार नाव न घेता आपला म्हणून लिहिणे हे अदत्तादानच होय. व्यवहारातही या दोन्ही गोष्टी महाग पडतात. उपाय सोपा आहे. ज्या ग्रंथाचा उल्लेख करायचा, त्याचे निदान आपल्याला लागणारे प्रकरण मुळातून वाचावे, आणि पुस्तक मिटून त्याचा मुद्दा घरातील कोणाला तरी मराठीत दोन वाक्यांत सांगावा. ऐकणाऱ्याने “म्हणजे काय?” असे विचारले आणि आपल्याला पुन्हा पुस्तक उघडावे लागले, तर ते नाव अजून पत्रात जाण्यास तयार नाही.

रूपाविषयी थोडे. उद्देशपत्र हे सलग गद्य आहे. विभागाने वेगळे सांगितले नसेल तर शेवटी संदर्भसूची जोडू नये, तळटीपाही देऊ नयेत. अभ्यासकाचे नाव आणि आवश्यक तेथे ग्रंथाचे नाव किंवा वर्ष वाक्यातच ओवावे. काही अभ्यासक्रम, विशेषतः पीएच.डी.चे, उद्देशपत्राखेरीज स्वतंत्र संशोधन-आराखडा मागतात. सविस्तर पूर्वाभ्यास आणि संदर्भसूची यांची जागा तेथे आहे. दोन्ही कागद मागितले असतील तर आराखड्यातील परिच्छेद उचलून पत्रात चिकटवू नये. समितीपुढे ते एकाच संचात जातात आणि पुनरुक्ती लगेच दिसते.

त्या विभागातील प्राध्यापकांचे लेखन उद्धृत करावे का, असेही काहींनी विचारले आहे. वरचा नियमच येथे लावावा. त्यांच्या लेखाने आपल्या प्रश्नाचा एखादा भाग खरोखर उजळत असेल, तर अवश्य लिहावे आणि कोणता भाग तेही लिहावे. केवळ ते तेथे शिकवतात म्हणून त्यांच्या तीन लेखांची शीर्षके ओळीने लिहिली, तर ती पुन्हा यादीच झाली, आणि तीही खुशामतीची.

शेवटी, या विद्यार्थिनीने पत्र पाठवण्यापूर्वी केलेली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मंडळातील सर्व जणींना एकत्र बसवून तिने तो परिच्छेद मराठीत वाचून दाखवला आणि त्यांच्याविषयी असे लिहिले तर चालेल का, असे विचारले. कोणाचेही नाव पत्रात नव्हतेच. त्या ज्येष्ठ आजींनी एवढेच सुचवले की, उपाध्ये त्यांच्याकडे पाहून थांबतात हे लिहू नये. ते थांबतात ते गाण्यासाठी. मुलीने ते वाक्य काढले आणि टिपणवहीत मात्र आजींचे म्हणणे जसेच्या तसे नोंदवले, कारण तिच्या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा त्यातच होता. ही नोंद पुढील अभ्यासात तिला उपयोगी पडेल. अर्जाचा निर्णय अजून यायचा आहे.

ज्यांचे अर्ज या महिन्यात जायचे आहेत, त्यांनी पेन्सिल घेऊन नावे आणि क्रियापदे तेवढी तपासून घ्यावीत. पुढील अंकात शिफारसपत्रांविषयी : ती कोणाकडून घ्यावीत, आणि लिहिणाऱ्यांना कोणती माहिती आधी द्यावी.